दांडा टॉवेलाचा, दांडा माणसाचा

चांगदेव भोईरांच्या गाळ्यात मी पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनेच. तशी मी कुठेही त्याच तयारीने जाते असं ऑफिसात म्हणतात. बेलापूरला सरकारी कचेरीत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळली की माणसाचा आवाज आपोआप वर चढतो, त्याला माझा इलाज नाही. त्या दिवशी तर मी चिडलेलीच होते. माझ्या पिशवीत टॉवेल अडकवायचा एक मोडका दांडा होता. तो ज्या दुकानातून आणला होता त्या दुकानदाराने मला वाटेला लावलं होतं, आणि भोईरांशी माझी ओळखही नव्हती. पण राग कुणावर तरी निघायला हवा होता.

दांडा कसा मोडला ते आधी सांगायला हवं. माझे यजमान जयप्रकाश एका मोठ्या कारखान्यात आरेखक होते. पंच्याण्णवच्या दिवाळीआधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वय बावन्न. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय चार महिन्यांत काठीच्या आधाराने थोडा परतला, हात नाही परतला. बोलणं स्पष्ट होतं, पण ते बोलायचेच कमी. रोज सकाळी सहाला मी त्यांना आंघोळ घालायची, कपडे चढवायची, डबा झाकून ठेवायची आणि साडेनऊला कचेरीत हजर व्हायची. मी हे सगळं विनातक्रार केलं आणि त्याचा मला अभिमान होता.

मे महिन्यात एका रविवारी मी भाजी आणायला खाली गेले होते. परत आले तर हे बाथरूममध्ये जमिनीवर बसलेले, अंगावर ओला पंचा आणि डाव्या हातात भिंतीतून उपटून आलेला टॉवेलचा दांडा. त्यांना एकट्याने आंघोळ करायची होती. आंघोळ झाली, उठताना मागे वळून दांड्याला धरलं आणि दांडा हातात आला. नशिबाने कोपर खरचटण्यावर भागलं. मी मात्र त्यांना वाट्टेल ते बोलले. "पुन्हा माझ्यामागे बाथरूममध्ये पाऊल टाकलंत तर बघा," असं एखाद्या पोराला दटावावं तसं दटावलं. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "सरू, मला माझी आंघोळ मला करायची आहे." मी म्हटलं, ते विसरा. त्यानंतर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तर असा तो दांडा घेऊन मी भोईरांच्या काउंटरसमोर उभी राहिले. गाळा चिंचोळा, भिंतीवर दांडे, हूक, साबणदाण्या, नॅपकिनच्या रिंगा टांगलेल्या. काउंटरवर काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या. आत गढूळ पाणी आणि त्यात दोऱ्याला लोंबणारे सात-आठ हूक, अर्धे बुडालेले, अर्धे वर. मागे पन्नाशीचा, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस स्टुलावर बसून चष्म्याच्या काचा पुसत होता.

"हे काय, लोणचं घातलंय का?" मी विचारलं.

"खाडीचं पानी हाय, ताई," तो शांतपणे म्हणाला. "नवा माल आला का पैला इथं मुरवतंय. एक महिना. जो तगला तो भिंतीवर, जो लाल झाला तो भंगारात."

"अर्धेच का बुडवलेत?"

"पुरा बुडला तं लोखंड उशिरा गंजतं. पानी नि हवा जिथं भेटतात ना, त्या रेघंवर बघा. बोटीला पन तिथंच धरतो गंज."

भोईर दिवाळे गावचे. त्यांचे वडील खाडीत मासेमारी करायचे. ते स्वतः वयाच्या वीस-पंचविशीपर्यंत बोटीवर खलाशी होते, मग इथे इमारती उठू लागल्या तेव्हा नळजोडणीच्या कामावर लागले आणि शेवटी हा गाळा घेतला. त्यांची बायको कमळी अजून सकाळी मासळी घेऊन बाजारात बसायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पर्समधून चुंबक काढला आणि भिंतीवरच्या एका चकचकीत हुकाला लावून पाहिला. चिकटला नाही. आधीच्या दुकानदाराने मला हीच खूण सांगितली होती: चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टील.

"याला लावा," भोईर म्हणाले आणि बरणीतून एक हूक वर खेचून माझ्यासमोर धरला. पाण्याच्या रेघेवर तांबडे ठिपके उठले होते. मी चुंबक लावला. तोही चिकटला नाही.

"दोन्ही स्टेनलेसच. पन ह्यात निकल कमी, मँगनीज घालून भागवलेला. चुंबकाला त्यातला फरक कलत नाय. खाऱ्या हवेला कलतो." त्यांनी भिंतीवरच्या हुकाकडे बोट केलं. "यो तीनशेचार नंबरचा, निकल पुरा. यो राहील."

मी चुंबक पर्समध्ये टाकला. माझ्यासारख्या बाईला कुणी असं गप्प केलं की मला त्या माणसाचा राग यायला हवा, पण का कोण जाणे, आला नाही. मी मोडका दांडा काढून समोर ठेवला. भोईरांनी तो उलटा केला, स्क्रूची मोडलेली टोकं पाहिली, भिंतीवर बसणाऱ्या चकतीवरून अंगठा फिरवला.

"दांडा पितलेचा, वर क्रोम. वाईट नाय. स्क्रू लोखंडाचे घातले, ते आतल्या आत सडले. भिंतीत ठोकलेली गुट्टी लाकडाची. लादी ॲसिडनी धुता काय?"

"दर रविवारी."

"ती सोडा. ॲसिडच्या वाफंनी स्टेनलेसला पन खड्डे पडतात. साबन नि काथ्या बस झाला." मग त्यांनी चकतीची वाकलेली कड मला दाखवली. "पन ताई, यो टॉवेलानी वाकलेला नाय. याला कोनतरी लटकलाय."

"पडला असेल कसातरी," मी म्हटलं. घरची गोष्ट दुकानात कशाला?

शनिवारी दुपारी नवा दांडा बसवायला ते हत्यारांची पेटी घेऊन घरी आले. जयप्रकाश बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. भोईरांनी त्यांना नमस्कार केला, काठीकडे पाहिलं, निर्जीव हाताकडे पाहिलं आणि माझ्यामागून बाथरूममध्ये आले.

त्यांची कामाची रीत मी इथेच पहिल्यांदा पाहिली. सेक्टरमध्ये त्यावरून त्यांची थोडी थट्टाही व्हायची. दुसरे फिटर टेप लावतात: जमिनीवरच्या लादीपासून टॉवेलचा दांडा चार फुटांवर, कपड्यांचा हूक साडेपाच फुटांवर, आरशाखाली बेसिनच्या बाजूला नॅपकिनची रिंग, झालं काम. भोईरांनाही ही मापं पाठ होती. पण टेप काढायच्या आधी ते घरातल्या माणसाला बाथरूममध्ये उभं करायचे आणि म्हणायचे, "डोल्यात साबन गेला असं समजा. डोले मिटा. आता टॉवेल घ्या." हात जिथे आपोआप जाईल तिथे ते पेन्सिलने खूण करायचे. मग टेप लावून बघायचे, की छापील माप आणि माणसाचा हात यांत किती अंतर आहे.

"साहेबांना बोलवता?" त्यांनी विचारलं.

"त्यांची गरज नाही. टॉवेल मीच घेते."

"साहेब आंगोल करतात, का तुमी घालता?"

"मी घालते," मी म्हटलं. किती साधा प्रश्न, पण माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाहेरच्या खोलीत पंख्याखेरीज आवाज नव्हता, म्हणजे त्यांना ऐकू गेलंच असणार.

"साहेबांना करायची हाय का?"

"भोईर, तुम्ही दांडा बसवायला आलाय ना? मग दांडा बसवा. आमच्या घरात कुणी काय करायचं ते आम्ही बघून घेऊ."

त्यांनी पेन्सिल काढली. मी डोळे मिटून हात पुढे केला, त्यांनी खूण केली. माप भरलं चार फूट एक इंच. लादीवर त्यांनी चिकटपट्टीची फुली मारली म्हणजे ड्रिलचं बिट घसरत नाही. ड्रिलचा ठोका बंद ठेवून आधी नुसती लादी भेदली, विटेत शिरल्यावर ठोका चालू केला. एकाही लादीला तडा गेला नाही. प्लास्टिकच्या गुट्ट्या, स्टेनलेसचे स्क्रू, नवा दांडा. अर्ध्या तासात काम उरकलं. जाताना त्यांनी दांड्यावर दोन बोटं ठेवली.

"ताई, यो दांडा टॉवेलाचा हाय. मानसाचा नाय. एवढं घरात सगल्यांना सांगून ठेवा."

सगळ्यांना म्हणजे कुणाला ते मला कळलं. मी दार जरा जोरातच लावलं.

पुढचा आठवडा नेहमीसारखा गेला. रोज सहाला मी आंघोळ घालायची. नव्या दांड्यावरून टॉवेल बरोबर माझ्या हाताशी यायचा, आणि मी स्वतःला सांगायची की बघ, किती छान सोय झाली. जयप्रकाश स्टुलावर समोरच्या नळाकडे बघत बसलेले असायचे. मी हात वर म्हटलं की हात वर करायचे. बस्स, इतकंच. मला वाटायचं, रुसलेत, होतील सरळ.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात भोईर. खांद्यावर पेटी आणि हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"आम्ही बोलावलं नव्हतं," मी म्हटलं.

"नाय बोलावलं. माजं काम चुकलंय, तेवढं सुधारून जातंय."

"काही चुकलेलं नाही. दांडा घट्ट आहे."

"घट्ट हाय. पन तुमच्या हाताला लावलाय. टॉवेल साहेबांचा, हात तुमचा. तुमी रागावलात नि मी गप बसलो. दुसऱ्यानी केला असता तं मी त्याला शिव्या घातल्या असत्या." एवढं बोलून ते माझ्या खांद्यावरून आत पाहत म्हणाले, "साहेब, जरा येता का बाथरूममदी? कपड्यांवरच बसायचंय."

मी तोंड उघडायच्या आत जयप्रकाश काठी टेकत उठले होते. सात महिन्यांत मी त्यांना इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त काहीतरी बोचलं. इतके दिवस माझ्या हातांनी त्यांना उठवलं, आणि हा परका माणूस नुसता "येता का" म्हणतो!

भोईरांनी आमचं जुनं डुगडुगणारं स्टूल बाहेर काढलं आणि पायांना रबरी बुटं असलेलं, दीड फूट उंचीचं दुसरं ठेवलं. जयप्रकाश त्यावर नळाकडे तोंड करून बसले.

"फिटिंगची पुस्तकं हाईत ना साहेब, ती उभ्यानं शॉवर घेनाऱ्यांची. आपन बादलीशी बसून आंगोल करतो. बसल्या मानसाला चार फुटांवरचा दांडा म्हंजे माल्यावरचा डबा. हां, डोले मिटा. साबन गेलाय. टॉवेल घ्या."

जयप्रकाशांनी डोळे मिटले. डावा हात उठला, हवेत चाचपडला आणि डाव्या बाजूच्या भिंतीवर, खांद्याच्या जरासा मागे, दाराकडे जाऊन टेकला. तिथे पेन्सिल लावायला भोईर वाकले, पण त्यांनी खूण केली नाही. पेन्सिल जयप्रकाशांच्या डाव्या हातात दिली.

"खून तुमीच करा."

आयुष्यभर उजव्या हाताने केसाएवढ्या रेषा ओढलेला माणूस. डाव्या हाताने त्यांनी लादीवर एक फुली काढली. वाकडीतिकडी, एक पाय लांब, एक आखूड. ती पाहून त्यांना ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा चुकली."

"बरोबर हाय," भोईरांनी टेप लावला. "तीन फूट चार इंच. लोट्याचं पानी फुडं उडतं, टॉवेल मागं कोरडा राहील. इथं दोन हूक. आता साबन कुठं शोधता ते दाखवा. आन उठताना हात कुठं टाकता ते पन."

अशा तीन खुणा झाल्या. तिसरी खूण, उठताना आधार शोधणाऱ्या हाताची, जमिनीपासून दोन फूट नऊ इंचांवर पडली. मग भोईरांनी गोणपाट सोडला. आत दीड फूट लांबीचा, हाताच्या मुठीत मावेल इतक्या जाडीचा स्टीलचा पाइप, दोन्ही टोकांना जाड चकत्या. त्यांनी तुर्भ्याच्या कारखान्यातून मुद्दाम वळवून आणला होता. याच पाइपाचा एक तुकडा वर्षभर बरणीत लटकतोय, असंही त्यांनी सांगितलं.

"यो मानसाचा दांडा," ते म्हणाले. "याला स्क्रू चालनार नाय. भिंत अर्ध्या विटेची, गुट्टी उपटून येईल. बोल्ट आरपार घालायचा नि पलीकडून पट्टी."

पलीकडे म्हणजे आमच्या पॅसेजमध्ये. गेल्याच वर्षी रंग दिलेल्या, पाहुणे येताच दिसणाऱ्या भिंतीवर. आता मात्र मला बोलायला जागा मिळाली.

"अजिबात नाही! उद्या कुणी आलं तर भिंतीतून बोल्ट बाहेर आलेले दिसणार? लोक काय म्हणतील, बँकेची तिजोरी आहे का? आणि पुन्हा पडले तर? हात-पाय मोडला तर मी एकटीने काय करायचं? तुम्ही पेटी उचलून जाल निघून. निस्तरायचं मला!"

माझा आवाज फाटला होता. बोल्टचं निमित्त होतं हे मला बोलता बोलताच कळत होतं, पण थांबता येईना. भोईरांनी मान खाली घातली.

"सरू," जयप्रकाश स्टुलावरूनच म्हणाले. "पडेन की नाही ते मी सांगू शकत नाही. पण तू रोज मला धुतेस ना, तेव्हा मी घरात नसतो."

मी पॅसेजमध्ये जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि म्हटलं, "इथे येतील का बोल्ट? मग ड्रिल करा."

दुपारपर्यंत काम चाललं. पाइप भिंतीपासून दीड इंच सुटा ठेवला होता, मूठ नीट बसेल पण कोपर आत अडकणार नाही इतका. चार बोल्ट, पलीकडे स्टीलच्या दोन पट्ट्या. सगळं आवळून झाल्यावर भोईरांनी दोन्ही हातांनी पाइप धरला आणि गुडघे मोडून आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा तो माणूस, बोटीवर दोर ओढलेला. भिंत हलली नाही. मग मला म्हणाले, "तुमी पन लटका." मी नको नको म्हणत लटकले. जयप्रकाश हसले. किती दिवसांनी हसत होते! मलाही हसू आलं.

जाताना भोईरांनी माझ्या उंचीवरचा, चार फूट एक इंचाचा दांडा काढू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे, मलाही आंघोळ लागते. आणि मग एक सूचना त्यांनी जयप्रकाशांना हळूच केली, की पहिले पंधरा दिवस कडी लावू नका, नुसतं दार लोटा. त्यांनी मान डोलावली.

सोमवारी सहाला मी बादली भरून, पाणी विसणून ठेवलं, टॉवेल खालच्या हुकावर अडकवला. जयप्रकाश काठी टेकत आत गेले. दार लोटलं. मग आतून कडीचा आवाज आला.

मी दारावर हात ठेवला, मारला मात्र नाही. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली, ती अर्धवट टाकून पुन्हा पॅसेजमध्ये आले. आत लोटा बादलीला लागल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, मग काहीच नाही. फार वेळ काहीच नाही. मग साबण पडल्याचा आवाज आणि मागोमाग एक ठेवणीतली शिवी, जी त्यांनी माझ्यासमोर सबंध संसारात कधी दिली नव्हती. पुन्हा पाणी. पायात गोळे येईपर्यंत मी तिथेच उभी होते. साडेसात झाले, स्वयंपाक सगळा व्हायचा होता. कचेरीला उशीर होणार हे दिसत होतं, हजेरीपटावर लाल खूण पडणार हेही दिसत होतं.

कडी निघाली. ते बाहेर आले, एका हाताने गुंडाळलेलं धोतर कसंबसं कमरेला, केस विस्कटलेले, टॉवेल खांद्यावर. उजव्या कानामागे बोटभर जाड साबणाचा फेस तसाच वाळत चालला होता.

माझा हात सवयीने पदराकडे गेला. एक फटका मारला असता की पुसला गेला असता.

"झाली माझी आंघोळ," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"छान झाली," मी म्हटलं, पदर सोडला आणि राहिलेली कणीक मळायला आत गेले.